“पाहिल्यास ओळखीन” हे वाक्य लिहिण्यापूर्वी : जबाब नोंदवणाऱ्या पोलीस अंमलदारांना खुले पत्र

प्रति,
रेल्वे स्थानकांवरील चोरीच्या फिर्यादी नोंदवून घेणारे सर्व ठाणे अंमलदार व पोलीस अंमलदार,
नाशिक.

स.न.वि.वि.

मी न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका आहे. एकतीस वर्षे मी साक्षीदारांचे शब्द टिपून घेतले आणि त्यांतली बरीच वर्षे फौजदारी न्यायालयात गेली. त्यामुळे पोलीस ठाण्यात रात्री घाईने लिहिलेले एखादे वाक्य दोन-चार वर्षांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कसे परत येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तरीही ते वाक्य लिहिले जाताना पाहण्याचा प्रसंग माझ्यावर गेल्या मार्गशीर्षात पहिल्यांदाच आला. नाशिक रोड स्थानकावर माझ्या थोरल्या जाऊबाईंची पर्स हिसकावली गेली आणि त्या जबाब देत असताना मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

तो जबाब कोणत्या ठाण्यात नोंदवला गेला, हे मी मुद्दाम लिहीत नाही. घटना कोठेही घडली तरी तिची खबर कोणत्याही ठाण्यात देण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आता स्पष्ट शब्दांत आहे, आणि त्या रात्रीचे अंमलदार सौजन्याने वागले, आम्हाला बसवून घेतले, पाणी दिले. “गहाळ झाल्याची नोंद करून टाकू” असेही ते म्हणाले नाहीत, याचा मला विशेष आनंद वाटला, कारण हिसकावलेल्या पर्सची कित्येकदा ‘हरवली’ अशी नोंद होते आणि मग तपासाचा प्रश्नच उरत नाही. माझे म्हणणे त्या एका अंमलदाराविषयी नाही. ते आपण सगळे ज्या साच्यात जबाब लिहिता, त्या साच्याविषयी आहे.

घडले ते असे. जाऊबाई आमच्याकडे चार दिवस राहून रविवारी संध्याकाळी मुलीकडे जळगावला निघाल्या. वय अठ्ठावन्न, सोबत एक कपड्यांची पिशवी आणि खांद्याला पर्स. भुसावळकडे जाणारी गाडी फलाटाला लागली तेव्हा सर्वसाधारण डब्याच्या दाराशी जी रेटारेटी झाली, तिचे वर्णन नाशिककरांना करून सांगायला नको. त्या चढत असतानाच पर्स मागून ओढली गेली, त्या फलाटावर पडल्या, कोपर सोलवटले आणि गाडी त्यांच्याविना निघून गेली. पर्समध्ये मोबाईल, 4,300 रुपये, सोन्याच्या टॉप्सची जोडी, आधार कार्ड आणि वाचण्याचा चष्मा होता. दुसऱ्याच्या फोनवरून त्यांनी घरी कळवले, जेलरोडवरून मी आणि माझा पुतण्या पोहोचलो आणि सव्वानऊच्या सुमारास आम्ही ठाण्यात बसलो.

अर्ध्या तासात जबाब तयार झाला. त्यातला मुख्य मजकूर असा होता : “गाडीत चढत असताना गर्दीचा फायदा घेऊन कोणीतरी अज्ञात चोरट्याने, वय अंदाजे 25 ते 30 वर्षे, सडपातळ बांधा, अंगात काळा शर्ट, याने माझ्या संमतीशिवाय, मुद्दाम लबाडीच्या इराद्याने माझी पर्स हिसका मारून चोरून नेली. सदर इसमास पाहिल्यास मी ओळखीन.” खाली नेहमीची ओळ होती : “माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.”

वाचून दाखविला होता, हे खरे. पण चष्मा पर्ससोबत गेलेला, कोपर ठणकत असलेले, आणि वाचणाऱ्याची गती अशी की ‘सदर इसमास’ हे शब्द कानावरून नुसते निघून गेले. जाऊबाईंनी पेन हातात घेतले तेव्हा मी विनंती करून कागद मागून घेतला आणि त्यांना विचारले, “बाई, काळा शर्ट तुम्ही पाहिलात का?”

त्या म्हणाल्या, “मी कुठे पाहिला? तो पाण्याच्या बाटल्या विकणारा मुलगा सांगत होता.”

“मग चेहरा?”

“चेहरा नाही गं दिसला. मी पाठमोरी होते.”

म्हणजे ज्या माणसाला पाहिल्यास ओळखीन असे त्या सहीनिशी लिहून देणार होत्या, त्याचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. यात खोटेपणा कोणाचाच नव्हता. अंमलदारांनी “दिसायला कसा होता?” असे विचारले आणि जाऊबाईंनी जे ऐकले होते ते प्रामाणिकपणे सांगितले. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यामधली रेघ कोणी आखली नाही, एवढेच झाले. उरलेले वाक्य साच्यातूनच आले होते, जसे ‘लबाडीच्या इराद्याने’ आले तसे.

या एका वाक्याचा पुढे काय प्रवास होतो, तो मी सांगते, कारण तो आपल्यापैकी अनेकांना शेवटपर्यंत पाहायला मिळत नाही. जबाब लिहिणारे अंमलदार बदलून जातात, तपासी अधिकारी दुसरेच असतात आणि साक्षीची तारीख येते तेव्हा न्यायालयात फक्त साक्षीदार आणि तो कागद समोरासमोर उरतात. समजा, दोन महिन्यांनी काळ्या शर्टचा एक सडपातळ तरुण दुसऱ्याच गुन्ह्यात पकडला गेला. जबाबात ‘ओळखीन’ असे असल्याने ओळख परेड लावली जाते आणि जाऊबाईंना रांगेतल्या माणसांसमोर उभे केले जाते. त्यांनी कोणालाही ओळखले नाही, तर त्यांच्याच फिर्यादीला पहिला तडा जातो. आणि दडपणाखाली, किंवा ‘यातला कोणीतरी असणारच’ या समजुतीने कोणाकडे बोट दाखवले, तर त्याहून वाईट घडते. एक निरपराध माणूस अडकतो, किंवा खरा चोरही उलटतपासाच्या पहिल्या दहा मिनिटांत सुटतो.

तो उलटतपास कसा चालतो, हे मी झोपेतही टंकलिखित करू शकेन. घटनेच्या वेळी तुमचे तोंड डब्याकडे होते का? होते. पर्स मागून ओढली गेली का? होय. मागे वळेपर्यंत तो माणूस गर्दीत मिसळला होता का? होय. मग चेहरा केव्हा पाहिला? आणि मग माझ्या हाताखालून असंख्य वेळा गेलेले ते वाक्य येते : “तसे माझ्या जबाबात का नमूद आहे, याचे कारण मी सांगू शकत नाही.” ‘नमूद आहे’च्या जागी पुष्कळदा ‘नमूद नाही’ असते. कारण साक्षीदाराने महत्त्वाची गोष्ट पोलिसांना सांगितलेली असते आणि ती कागदावर उतरलेली नसते. फिर्यादीवरची सही तिला खोडून काढण्यासाठी वापरली जाते. नंतरच्या साक्षीदारांच्या जबाबांवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 प्रमाणे सही घ्यायची नसते, तरी विसंगती दाखवण्यासाठी तेही पुढे केले जातातच, आणि ठळक गोष्ट गाळलेली असेल तर ती गाळणेसुद्धा विसंगती ठरू शकते.

येथे आपण म्हणाल की पहिली खबर हा काही ज्ञानकोश नाही, असे न्यायालयांनीच वेळोवेळी म्हटले आहे. ते बरोबरच आहे, आणि बारीकसारीक तपशील राहिला म्हणून फिर्याद पडत नाही. माझे म्हणणे तपशील वाढवा असे नाही. जबाबात जे आहे ते साक्षीदाराचे असावे, आणि साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे लिहिलेले असावे, इतकेच मला म्हणायचे आहे. “मी चेहरा पाहिला नाही” हे वाक्य फिर्याद दुबळी करते, असा एक समज ठाण्यांत दिसतो. न्यायालयात मी उलट पाहिले आहे. जी साक्षीदार चेहरा दिसला नाही असे पहिल्या दिवसापासून सांगते, तिने सांगितलेल्या इतर गोष्टींवर न्यायाधीशांचा विश्वास बसतो.

आणि जाऊबाईंनी पाहिलेल्या गोष्टी होत्या. त्या कोणी विचारल्याच नव्हत्या, कारण प्रश्न चेहऱ्याविषयीचा होता. मी फक्त इतकेच म्हटले की डोळे मिटा आणि पर्स ओढली गेली तेव्हा काय दिसले ते सांगा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “हात दिसला. मनगटाला लाल-पिवळा दोरा होता.” आता नाशिकात मनगटाला दोरा नसलेला हात शोधावा लागेल, हे मलाही कळते. पण त्या पुढे म्हणाल्या की अंगठ्याच्या मुळाशी निळे गोंदण होते, एखाद्या अक्षरासारखे. अक्षर कोणते ते कळले नाही. चेहरा नसलेल्या फिर्यादीत ही एक ओळ किती मोलाची आहे, ते आपल्याला मी सांगायला नको. “दिसायला कसा होता?” या प्रश्नाच्या उत्तरात ती कधीच आली नसती, आणि “काळा शर्ट होता ना?” अशा प्रश्नाने तर ती बुजूनच गेली असती, कारण होकार द्यायला सांगणारा प्रश्न आठवणीवर आपला रंग चढवतो आणि मग साक्षीदारालाही तो रंग आपलाच वाटू लागतो.

बाटल्या विकणाऱ्या मुलाचे काय, असे आपण विचाराल. काळा शर्ट त्याने पाहिला, पुलाकडे पळणारा माणूस त्याने पाहिला, म्हणजे त्या वर्णनाचा साक्षीदार तो आहे आणि त्याचा जबाब कलम 180 प्रमाणे वेगळा व्हायला हवा. फिर्यादीत फक्त “फलाटावर पाणी विकणाऱ्या एका तरुणाने मला असे सांगितले” एवढेच यावे. तो पुढे येत नाही याचे कारणही उघड आहे. परवान्याशिवाय रेल्वेच्या हद्दीत विक्री करणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम 144 खाली गुन्हा आहे, आणि पोलिसांशी बोलायला गेले की पहिला प्रश्न परवान्याचा येईल, ही त्याची भीती खोटी नाही. तो प्रश्न त्या संध्याकाळपुरता बाजूला ठेवून त्याचे म्हणणे लिहून घेणे हे आपल्याच हातात आहे. ते झाले नाही की त्याचे डोळे जाऊबाईंच्या तोंडी घातले जातात.

आता ‘गर्दीचा फायदा घेऊन हिसका मारून’ या शब्दांकडे येते. या पाच शब्दांनी गुन्ह्याचे स्वरूपच झाकले जाते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात हिसकावणीला कलम 304 असे स्वतंत्र घर मिळाले. जुन्या दंडसंहितेत ते नव्हते. तेथे हिसकावणी एक तर साध्या चोरीत जाई, नाहीतर बळाचा वापर दिसला की अन्य कलमांत. आता एखाद्याच्या अंगावरची किंवा ताब्यातली वस्तू अचानक, झटक्यात वा जोराने घेतली, तर ती हिसकावणी ठरते आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. प्रवासी वाहनातून वस्तू चोरली असेल, तर कलम 305 लागू होऊ शकते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. चोरी करण्यासाठी, करताना किंवा माल घेऊन जाताना जाणूनबुजून इजा केली किंवा तसा प्रयत्न केला, तर प्रकरण कलम 309 च्या जबरी चोरीकडे सरकते, जिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. एकाच पर्सच्या या तीन वाटा आहेत, आणि कोणती वाट खरी ते ठरवणारी वस्तुस्थिती दोन-तीन सेकंदांतली आहे.

म्हणून मी जाऊबाईंना विचारले की पाय कुठे होते. तुम्हाला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचे उत्तर त्यांनी एका क्षणात दिले, कारण आपण कसे उभे होतो, हे त्यांना पक्के आठवत होते. उजवा पाय पायरीवर, डावा अजून फलाटावर, उजव्या हाताने दाराचा दांडा धरलेला, पर्स डाव्या खांद्याला आणि तिचा पट्टा डाव्या हाताच्या मुठीत. म्हणजे पर्स गाडीत होती की फलाटावर, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा; जबाबाचे काम त्या वादाला खरी सामग्री पुरवण्याचे आहे. ‘गाडीत चढत असताना’ या तीन शब्दांतून दोन्ही बाजूंना हवा तो अर्थ काढता येतो.

दुखापतीचेही तसेच. पहिल्या मसुद्यात कोपराचा उल्लेख शेवटी होता : “सदर झटापटीत माझ्या हाताला किरकोळ खरचटले आहे.” झटापट झालीच नव्हती. त्यांनी पट्टा सोडला नाही, पट्टा धरलेला असतानाच दुसरा झटका बसला, त्या झटक्याने दांड्यावरचा हात सुटून त्या मागे फलाटावर पडल्या आणि पडल्यावर पट्टा मुठीतून निसटला. म्हणजे पडणे आधी आणि पर्स जाणे नंतर. हाच क्रम उलटा असता, पर्स गेल्यावर चोरामागे धावताना त्या घसरल्या असत्या, तर त्याच खरचटण्याचा चोरीशी संबंध तुटला असता. कलम कोणते लावायचे हा निर्णय आपला आणि पुढे न्यायालयाचा आहे, फिर्यादीचा नाही, आणि कलम वाढावे म्हणून कोणी पडण्याचे वर्णन फुगवू नये. पण क्रम लिहिल्याशिवाय तो निर्णय कशाच्या आधारे होणार? त्याच रात्री वैद्यकीय तपासणीची यादी देऊन त्यांना दवाखान्यात पाठवले, हे योग्य झाले. ‘किरकोळ’ हा शब्द मात्र डॉक्टरांनी लिहायचा असतो.

वेळेविषयी थोडे सांगते. जबाबात “रात्री 8.00 वा. चे सुमारास” असे होते. आठ हा आकडा आपल्या सर्वांच्या जिभेवर बसलेला असतो. परंतु फलाटावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण शोधणाऱ्या अंमलदाराला ‘आठच्या सुमारास’ म्हणजे निदान अर्धा तास आणि अनेक कॅमेरे, आणि ते चित्रण कायमचे राहत नाही. काही दिवसांनी त्यावर नवे चित्रण चढते. जाऊबाईंकडे ना घड्याळ होते ना आता फोन. पण गाडी फलाटात शिरत असतानाच त्यांनी जळगावच्या मुलीशी बोलून फोन पर्समध्ये ठेवला होता. मुलीच्या फोनवर तो संवाद 7 वाजून 52 मिनिटांनी संपल्याची नोंद होती. गाडी सुटल्याची नेमकी वेळ रेल्वेकडे असतेच. या दोन वेळांच्या मधल्या मोजक्या मिनिटांत घटना घडली, आणि हे ठरवायला एक फोन पुरला. पर्स हिसकावलेल्या माणसाला वेळ विचारण्याऐवजी “त्याआधी कोणाशी बोललात, कोणाला पैसे दिलेत, तिकीट किती वाजता काढलेत” असे विचारले, तर वेळ दुसऱ्याच्या यंत्रातून मिळते आणि उलटतपासात ती हलत नाही.

घटना आणि जबाब यांच्यात जवळपास सव्वा तास गेला होता. तो का गेला, हेही मी एका वाक्यात लिहायला सांगितले : फोन नव्हता, नातेवाईक येईपर्यंत थांबावे लागले, फलाटावर पर्स टाकून दिली आहे का हे पाहिले. त्या दिवशी ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की कोणी लिहीत नाही, आणि तीन वर्षांनी बचाव पक्ष तीच विचारतो.

मुद्देमालाच्या यादीत मला फार वेळ घालवावा लागला नाही, पण एक खटकलेली गोष्ट नोंदवते. टॉप्सपुढे “सोन्याचे टॉप्स, अंदाजे 3 ग्रॅम, जु.वा.किं.अं.” आणि एक आकडा असे लिहिले गेले. जुनी वापरती किंमत हिशेबाला लागते हे मान्य, पण सराफाच्या दुकानातून असे दहा टॉप्स जप्त होऊन आले तर त्यांतले जाऊबाईंचे कोणते, हे किमतीवरून कसे कळणार? त्यांच्या टॉप्सपैकी एकाची फिरकी हरवल्याने वेगळी, जरा मोठी फिरकी बसवलेली आहे. जोडी जुनी असल्याने तिच्यावर हॉलमार्कचा सहा अंकाक्षरी क्रमांक नाही. तो असता तर तोच लिहायचा होता. मोबाईलच्या बाबतीत ‘काळ्या रंगाचा मोबाईल’ यापुढे मजकूर नव्हता, कारण पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक कोणालाच पाठ नसतो आणि फोन गेल्यावर *#06# दाबायला काही उरत नाही. तो क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो, आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. आमच्याकडे खोके जळगावला होते. म्हणून त्या जागी “क्रमांक पुरवणी जबाबात देईन” असे लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मुलीने खोक्याचा फोटो पाठवल्यावर पुरवणी जबाब झाला. संचार साथी संकेतस्थळावरून फोन बंद करून घेण्यासाठी हा क्रमांक आणि फिर्यादीची प्रत दोन्ही लागतात. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची असते, आणि आम्हाला ती मागण्याआधीच मिळाली, हेही येथे लिहिले पाहिजे.

अखेर जो जबाब लिहिला गेला, त्याचा मधला भाग जाऊबाईंच्या परवानगीने येथे देते. भाषा त्यांचीच आहे, अंमलदारांनी व मी फक्त क्रम लावला.

“मी फलाट क्रमांक 2 वर, इंजिनाकडून दुसऱ्या सर्वसाधारण डब्याच्या पुढच्या दारातून चढत होते. माझा उजवा हात दाराच्या दांड्यावर व उजवा पाय पायरीवर होता. डावा पाय फलाटावर होता. पर्स डाव्या खांद्याला होती व तिचा पट्टा मी डाव्या हातात धरला होता. मागून कोणीतरी पर्स जोरात ओढली. मी पट्टा सोडला नाही. मी मान वळवली तेव्हा मला एक हात दिसला. त्याच्या मनगटाला लाल-पिवळा दोरा होता व अंगठ्याच्या मुळाशी निळ्या रंगाचे गोंदण होते. अक्षर मला वाचता आले नाही. नंतर पुन्हा ओढ बसली, माझा दांड्यावरचा हात सुटला व मी फलाटावर पाठीवर पडले. पडल्यावर पट्टा माझ्या हातातून गेला. मी उठेपर्यंत तो माणूस दिसेनासा झाला. मी त्याचा चेहरा पाहिला नाही व चेहऱ्यावरून मी त्याला ओळखू शकणार नाही. तो काळ्या शर्टात पुलाकडे पळाला, असे मला पाणी विकणाऱ्या एका तरुणाने सांगितले. ते मी स्वतः पाहिलेले नाही.”

पहिल्या मसुद्यापेक्षा हा मजकूर दहा-बारा ओळींनी मोठा आहे आणि त्याला पंचवीस मिनिटे जास्त लागली. रविवारच्या रात्री, बाहेर आणखी तिघे ताटकळत असताना, पंचवीस मिनिटे ही लहान गोष्ट नाही, हे मला ठाऊक आहे. येत्या सिंहस्थात तर नाशिक रोडला उतरणाऱ्या गर्दीपुढे आपल्याला पाच मिनिटेही मिळणार नाहीत, आणि तेव्हा प्रत्येक जबाब असा होईल अशी अपेक्षा मी करत नाही. म्हणून माझी मागणी मोठी नाही. ‘पाहिल्यास ओळखीन’ हे वाक्य साच्यातून काढून टाकावे, आणि ज्याने खरोखर चेहरा पाहिला असेल त्याच्याच जबाबात, किती अंतरावरून व किती वेळ पाहिला यासह, ते हाताने लिहावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या वाक्यांत ठेवावे. पुरवणी जबाबासाठी महिला साक्षीदाराला ठाण्यात बोलवण्याऐवजी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये आहे त्याप्रमाणे, ती राहते तेथे जाऊन तो घ्यावा. जाऊबाईंना दुसऱ्या दिवशी दुखऱ्या हाताने पुन्हा यावे लागले.

आणि शेवटची विनंती खर्चाची आहे. जबाब वाचून दाखवल्यावर सही करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा चष्मा त्याच पर्समध्ये गेलेला असतो. बाजारात शे-दीडशे रुपयांना मिळणारा वाचण्याचा चष्मा, दोन वेगवेगळ्या नंबरांचा, ठाणे अंमलदारांच्या टेबलावर ठेवावा. त्या रात्री माझाच चष्मा जाऊबाईंना चालला, म्हणून सही करण्याआधी त्यांनी आपला जबाब स्वतः, ओळीवर बोट ठेवून वाचला, आणि ‘पाठीवर पडले’च्या जागी चुकून ‘पोटावर’ झाले होते ते त्यांनीच दुरुस्त करून घेतले.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका
जेलरोड, नाशिक रोड